मुलाच्या घरचा थर्मोस्टॅट

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी विषय सुचवताना चिटणीसांनी मला सांगितलं की आपल्या सभासदांपैकी बरेच जण दर दोन वर्षांनी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत किंवा कॅनडात जातात. जातात ते पाच-सहा महिन्यांसाठी, आणि नातवंडाचं बाळंतपण डिसेंबरात आलं की थंडीत जातात. परत आल्यावर सांगायच्या गोष्टींमध्ये एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे भिंतीवरच्या त्या गोल किंवा चौकोनी डबीची. "तिला हात लावायचा नाही, बाबा" असं मुलगा सांगतो. आई रात्री शाल पांघरून बसते. सून म्हणते बिल वाढतं, सासरे म्हणतात आम्ही गारठतो. माझं आयुष्य गरम-गार करणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात गेलं, म्हणून या डबीबद्दल चार गोष्टी सांगायला मी उभा आहे. कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवायचं नाही. ती डबी नेमकं काय करते, त्यातून खरोखर किती वाचतं आणि घरात म्हातारी माणसं असताना ती कशी लावावी, एवढंच सांगायचं आहे.

त्या डबीला थर्मोस्टॅट म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक खोलीचा एसी वेगळा आणि त्याचा रिमोट वेगळा. तिकडे बहुतेक घरांत तळघरात किंवा माळ्यावर एकच यंत्र असतं आणि पत्र्याच्या नळांतून ते सगळ्या घराला गरम हवा पुरवतं. गॅसवर चालणाऱ्या यंत्राला फर्नेस म्हणतात. थर्मोस्टॅट हे त्या यंत्राचं बटण. तो ज्या भिंतीवर बसवला आहे तिथली हवा मोजतो, ठरवलेल्या आकड्याखाली गेली की यंत्र चालू करतो, आकडा गाठला की बंद करतो. नुसता थर्मोस्टॅट एवढंच करतो. 'स्मार्ट' थर्मोस्टॅटला दिवसाचं वेळापत्रक देता येतं, तो फोनवरून चालवता येतो आणि घरात कोणी आहे की नाही याचा अंदाज तो स्वतः बांधतो.

आकडे अमेरिकेत फॅरनहाइटमध्ये असतात, त्यामुळे पहिला घोटाळा तिथेच होतो. आपल्याला एसीचा 24 ओळखीचा. त्यांचा 68 म्हणजे आपला 20, 70 म्हणजे 21, आणि 75 म्हणजे आपला जवळजवळ 24. मी पुढे फॅरनहाइटच बोलणार आहे, कारण तुम्हाला अमेरिकेत भिंतीवर तेच दिसणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रात्री सगळे झोपल्यावर किंवा दिवसा घर रिकामं असताना तापमान काही अंश खाली उतरू द्यायचं आणि माणसं उठायच्या किंवा परतायच्या वेळी पुन्हा वर आणायचं, याला तिकडे 'सेटबॅक' म्हणतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा आहे की रोज आठ तास तापमान 7 ते 10 अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाच्या गरम-गार करण्याच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. 'पर्यंत' हा शब्द लक्षात ठेवा. मुलानं हाच सल्ला वाचलेला असतो आणि त्यात काही खोटं नाही.

यावर आपल्यातले अनेक जण एक शंका काढतात: "रात्रभर घर गार होऊ द्यायचं आणि सकाळी परत तापवायचं, यात तेवढाच गॅस जातो की. मग वाचलं काय?" शंका अर्धी बरोबर आहे. तिचं उत्तर गच्चीवरच्या टाकीत सापडतं. टाकीला तळाशी एक बारीक भोक आहे असं समजा. टाकी जितकी भरलेली तितका पाण्याचा दाब जास्त आणि गळतीही जास्त. पातळी खाली गेली की गळती मंदावते. आता तुम्ही रात्री पंप बंद ठेवलात. पातळी उतरली, सकाळी पंप चालवून टाकी परत भरलीत. सकाळी भरलेलं पाणी काही वाचलेलं नाही, ते तर द्यावंच लागलं. वाचलं ते एवढंच, की रात्रभर पातळी खाली असल्यामुळे गळती थोडी कमी झाली. घराचंही तसंच आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. आतलं तापमान खाली असेल तेवढा वेळ ती कमी जाते. ती कमी झालेली गळती हीच सेटबॅकची कमाई, दुसरी नाही.

किती होते ही कमाई? एक घर घेऊ. न्यू जर्सीतलं, दोन मजली, बऱ्यापैकी नवं, भिंतींत इन्सुलेशन नीट भरलेलं. जानेवारीची रात्र, बाहेर 30 अंश, म्हणजे शून्याच्या जरा खाली. आत 70. फरक 40 अंशांचा. अशा घरातून तासाला साधारण 6 युनिट उष्णता बाहेर जाते असं धरू. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलंच युनिट, एक किलोवॅट-तास. त्याच मापानं उष्णताही मोजता येते. म्हणजे दिवसभर 70 ठेवलं तर चोवीस तासांत 144 युनिट.

मुलानं वेळापत्रक लावलं आहे: रात्री 10 ते सकाळी 6, तापमान 62. दहा वाजता फर्नेस बंद होतो. घर एकदम 62 ला येत नाही. भिंती, लाद्या, फर्निचर, सगळ्यांत ऊब साठलेली असते. असं घर तासाला जेमतेम एक अंश उतरतं. सकाळी सहाला ते 63 च्या आसपास आलेलं असतं, 62 ला पोचतही नाही. रात्रभर फर्नेस लागलाच नाही, म्हणून मुलगा खूश. आठ तासांचे 48 युनिट वाचले असं त्याला वाटतं. पण घर गार होताना भिंतींतली जवळजवळ साडेत्रेचाळीस युनिट ऊब बाहेर गेलेली आहे आणि सकाळी ती परत भरायची आहे. खरी बचत साडेचार युनिटांची. सकाळी घर तापत असतानाही ते काही वेळ थंडच असतं, त्या काळातली थोडी धरली तर पाच. 144 मधले 5, म्हणजे साडेतीन टक्के. गॅसचा दर थर्मला सव्वा डॉलर धरला, आणि त्यांच्या बिलात गॅस थर्ममध्येच मोजतात, तर एका रात्रीचे साधारण पंचवीस सेंट.

ही बचत खरी आहे, पण तिचा आकार कळला की घरातला वाद कोणत्या रकमेवरून चालला आहे तेही कळतं.

घर जुनं असेल, खिडक्यांतून वारा येत असेल, तर चित्र बदलतं. ते घर तीन-साडेतीन तासांतच 62 ला उतरतं आणि बाकीची रात्र तिथेच राहतं. त्यामुळे गळती कमी राहण्याचा काळ वाढतो आणि बचतही टक्केवारीत जास्त होते. गंमत अशी की सेटबॅक सगळ्यात जास्त फायद्याचा असतो तो गळक्या घरात, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त बोचतो. आपल्या मुलाचं घर कोणत्या जातीचं आहे हे पाहायची रीत सोपी आहे. थर्मोस्टॅटच्या फोनवरच्या अॅपमध्ये रात्रीच्या तापमानाचा आलेख दिसतो. फर्नेस बंद झाल्यावर पहिल्या तीन तासांत किती अंश उतरले ते बघा. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी असताना तीन उतरले तर घर चांगलं, सात-आठ उतरले तर घर गळकं.

आता दुसरी बाजू, आरामाची. सकाळी फर्नेस चालू होतो आणि दोनेक तासांत डबीवर 70 दिसतं. तरी आई म्हणते, "अजून गारच आहे." मुलगा आकडा दाखवतो. आईचंही बरोबर आहे आणि आकडाही खरा आहे. थर्मोस्टॅट मोजतो हवा. शरीराला मात्र हवेइतकीच आजूबाजूच्या भिंतींची, खिडकीच्या काचेची आणि पायाखालच्या लादीची थंडी जाणवते, कारण आपली ऊब त्यांच्याकडे सरळ जात असते. उन्हात तापलेल्या भिंतीजवळ उभं राहिलं की हवा न लागताही झळ लागते, त्याच्या उलट हा प्रकार. हवा लवकर तापते, भिंती आणि गाद्या मागे राहतात. म्हणून पहाटे उठून अंघोळ आणि पूजा करणाऱ्या माणसासाठी तापमान उठायच्या वेळी नव्हे, तर त्याच्या पाऊण-एक तास आधी पोचलेलं हवं.

इथे वेळापत्रकातली एक खोच आहे. वेळापत्रकात 'पहाटे 5, 70' असं लिहिलं, तर काही थर्मोस्टॅट पाच वाजता फर्नेस चालू करतात आणि काही पाच वाजता 70 व्हावं म्हणून आधीच चालू करतात. हे दुसरं काम करणारी सोय बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅटांत असते. वेगवेगळ्या कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात, पण काम एकच: हे घर तासाला किती अंश चढतं हे थोड्या दिवसांत शिकायचं आणि त्यानुसार आधी उठायचं. मुलाला विचारा, ती चालू आहे का. बंद असेल तर 'पाच' लिहूनही सात वाजेपर्यंत गारठा राहणार. आणि ती चालू असेल तर पहाटे तीनला फर्नेसचा आवाज का येतो याचंही उत्तर मिळेल. बिघाड झालेला नाही, तो तुमच्या पाचसाठी तयारी करतो आहे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ती गोष्ट सांगतो. 62 अंश, म्हणजे आपले साडेसोळा, हे तरुण माणसाला रजईत चालतं. आपल्या वयाला ते धोक्याचं असू शकतं. वय वाढलं की शरीर ऊब कमी तयार करतं आणि थंडी वाजल्याची जाणीवही उशिरा होते. अमेरिकेच्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे: ज्येष्ठांच्या घरात किमान 68 ते 70 ठेवा, कारण 60 ते 65 एवढ्या साध्या गारव्यातही वयस्कर माणसाच्या शरीराचं तापमान घातक पातळीपर्यंत उतरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये घरांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांत थंडीत घरात किमान 18 सेल्सिअस, म्हणजे साडेचौसष्ट, सांगितलं आहे आणि ज्येष्ठांसाठी त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलं आहे. त्यामुळे दोघंच राहतात तेव्हाचं मुलाचं वेळापत्रक आणि आईबाबा आल्यावरचं वेळापत्रक एकच असू शकत नाही. हा लाडाचा किंवा हट्टाचा प्रश्न नाही.

त्यातून डबीवरचा आकडा तुमच्या खोलीचा नसतो. डबी बहुधा खालच्या मजल्यावर, जिन्याजवळ असते. पाहुण्यांची खोली बऱ्याच घरांत गॅरेजच्या वर किंवा उत्तरेच्या कोपऱ्यात असते आणि ती चार-पाच अंश गार राहते. डबी 62 दाखवते तेव्हा तुमच्या उशाशी 57 असू शकतं. म्हणून बॅगेत एक साधा खोलीचा थर्मामीटर घेऊन जा, कोणत्याही दुकानात मिळतो. पलंगाजवळ ठेवा आणि पहाटे उठल्याबरोबर वाचा. "गार वाटतं" यावर वाद होतो, "उशाशी 59 आहे" यावर होत नाही. अनेक थर्मोस्टॅटांना खोलीत ठेवायचा छोटा वेगळा सेन्सर जोडता येतो. तो तुमच्या खोलीत ठेवून रात्रीच्या वेळी त्याचाच आकडा धरायला सांगता येतं. आईबाबा सहा महिने राहणार असतील तर ही सगळ्यात उपयोगी खरेदी आहे.

तिसरी अडचण जास्त छुपी आहे. घरात कोणी आहे की नाही हे थर्मोस्टॅट दोन प्रकारे ठरवतो. एक, त्याच्यासमोर हालचाल दिसते का. दोन, घरातल्यांचे फोन घराजवळ आहेत का. मुलगा आणि सून कामावर गेले, त्यांचे दोन्ही फोन वीस मैलांवर गेले. तुमचा फोन त्या यादीत कधी टाकलेलाच नाही. तुम्ही दोघं वरच्या खोलीत वाचत किंवा झोपलेले, डबीसमोरून कोणी गेलं नाही. डबी ठरवते, घर रिकामं. पडद्यावर Away येतं आणि तापमान उतरू लागतं. दुपारी तीन वाजता अंगात कापरं भरतं आणि कोणालाच कारण कळत नाही, कारण मुलानं तर वेळापत्रकात दिवसा 70 लिहिलेलं असतं. म्हणून ओळखायची खूण: दुपारी गार वाटलं तर आधी पडद्यावर Away दिसतं का ते बघा. उपाय असा की तुम्ही तिथे असेपर्यंत फोनच्या ठावठिकाण्यावरून चालणारी ती सोय मुलानं बंद करावी, किंवा तुमचा फोन यादीत घालावा. पहिला उपाय जास्त भरवशाचा, कारण आपला फोन पुष्कळदा चार्जिंगअभावी बंद पडलेला असतो.

आता आपल्या बाजूनं होणाऱ्या दोन गोष्टी. एक म्हणजे लवकर गरम व्हावं म्हणून आकडा 80 वर नेणं. साधा फर्नेस एक तर चालू असतो किंवा बंद. 80 लावल्यानं तो जोरात चालत नाही, फक्त जास्त वेळ चालतो आणि नंतर उकडतं म्हणून खिडकी उघडली जाते. 70 हवं असेल तर 70 च लावा, तेवढ्याच वेळात होईल.

दुसरी म्हणजे Hold. आपण बाण दाबून आकडा बदलला की डबी वेळापत्रक बाजूला ठेवते. पडद्यावर Hold दिसतं. काही ठिकाणी हे वेळापत्रकातल्या पुढच्या वेळेपर्यंत टिकतं, काही ठिकाणी कोणी काढेपर्यंत, म्हणजे आठवडेच्या आठवडे. मुलाला महिन्याचं बिल आल्यावर कळतं की वेळापत्रक कधीच चाललं नाही. अमेरिकेत हा अनुभव इतका सार्वत्रिक होता की वेळापत्रकाच्या जुन्या थर्मोस्टॅटांना मिळणारं तिथल्या सरकारचं 'एनर्जी स्टार' हे चिन्ह 2009 च्या अखेरीस काढून घेण्यात आलं. यंत्रात खोट नव्हती. लोक वेळापत्रक लावत नव्हते किंवा दाबून ठेवत होते, त्यामुळे बचत दिसत नव्हती. पुढे 2017 मध्ये स्मार्ट थर्मोस्टॅटांसाठी ते चिन्ह पुन्हा सुरू झालं. तेव्हा मुलाला सांगा की Hold ची मुदत दोन तासांची किंवा पुढच्या वेळेपर्यंतची करून ठेव. आणि डबीला कुलूप घालू नको. त्याऐवजी वरची आणि खालची मर्यादा घालता येते: 66 च्या खाली जाणार नाही, 73 च्या वर जाणार नाही. त्या टप्प्यात आईनं हवं ते करावं. कुलूप आणि मर्यादा यांत यंत्राच्या दृष्टीनं फारसा फरक नाही, माणसाच्या दृष्टीनं फार आहे.

आता हे सगळं एकत्र करून त्याच न्यू जर्सीच्या घराचं वेळापत्रक पुन्हा मांडू. आईबाबा पहाटे साडेपाचला उठतात. म्हणून पावणेपाचला 70 तयार, आधी उठायची सोय चालू. दिवसभर 70, Away बंद. रात्री दहानंतर 66, तेही त्यांच्या खोलीतल्या सेन्सरच्या हिशेबानं, म्हणजे उशाशी 66. सोबत रजई आणि पायांत मोजे. ज्यांना 66 मध्येही गार वाटतं किंवा ज्यांना हृदयाचा, थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे, त्यांनी रात्रीही 68 च ठेवावं आणि डॉक्टरांना विचारावं. 66 च्या या वेळापत्रकात रात्रीची बचत पाच युनिटांऐवजी अडीच होते. म्हणजे आईबाबांच्या आरामासाठी मुलानं रात्रीच्या हिशेबात रोज बारा-तेरा सेंट सोडले. दिवसा घर रिकामं नसल्यामुळे तिथली बचत सुटली ती वेगळी, पण ती घरात माणसं आहेत म्हणून सुटली.

ही सुटलेली बचत भरून काढायची जागाही त्याच हिशेबात दिसते. पुष्कळ घरांत दिवसाचा आकडा हळूहळू 72 वर सरकलेला असतो. तो 70 वर आणला तर फरक 42 चा 40 होतो. चोवीस तासांत सात युनिट वाचतात, म्हणजे 62 च्या त्या कडक रात्रीपेक्षा जास्त. घरात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि अनवाणी पाय ही आपली सवय. स्वेटर आणि मोजे घातले तर 70 पुरतं. म्हणजे तडजोड अशी करता येते: रात्रीचा गारठा मुलानं सोडावा, दिवसाचे दोन अंश आपण सोडावेत. घराचं बिल पूर्वीपेक्षा वाढत नाही आणि कोणी कुडकुडत नाही.

एक इशारा देऊन संपवतो. हे सगळं फर्नेसच्या घराचं झालं. नव्या घरांत हल्ली हीट पंप असतो. तो म्हणजे उलटा फिरवलेला एसी: बाहेरच्या थंड हवेतून उष्णता ओढून आत आणतो. एका युनिट विजेत तो अडीच-तीन युनिट ऊब देतो, म्हणून स्वस्त. पण त्याची ताकद फर्नेसपेक्षा कमी असते. घराची गळती भरून काढल्यावर घर चढवायला त्याच्याकडे फार थोडं उरतं. सात अंश एकदम चढवायला सांगितले की तो मदतीला विजेच्या तारांचा हीटर बोलावतो. तो आपल्या गिझरसारखा, एक युनिट विजेत एकच युनिट ऊब. पडद्यावर तेव्हा AUX किंवा AUX HEAT दिसतं. हिशेब करा: रात्रीच्या सेटबॅकनं पाच युनिट ऊब वाचली, म्हणजे हीट पंपाच्या भाषेत दोन युनिट वीज. सकाळी चढवताना दहा युनिट ऊब जरी हीटरनं दिली, तरी जिथे चार युनिट वीज पुरली असती तिथे दहा गेली. दोन वाचवून सहा घालवले. म्हणून हीट पंपाच्या घरात कडक थंडीत तापमान एकसारखं ठेवावं, फार तर दोन अंश उतरवावं, आणि बाण दाबून एकदम वर नेऊ नये. सकाळी AUX वारंवार दिसत असेल तर सेटबॅक जास्त आहे असं समजावं. अमुक थंडीच्या वर हीटर लागूच नये अशी मर्यादाही थर्मोस्टॅटमध्ये घालता येते, ती यंत्र बसवणाऱ्याकडून घालून घ्यावी. मुलाकडे गेल्यावर पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न म्हणूनच हा: फर्नेस आहे की हीट पंप?

भाषणानंतर विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं:

आम्ही फिरायला आठवडाभर दुसऱ्या गावी गेलो तर यंत्र बंद करून जावं का?
बंद अजिबात करू नये. कडक थंडीत घर गोठणबिंदूखाली गेलं तर भिंतींतले पाण्याचे नळ गोठून फुटतात. आठवडाभरासाठी 55 ते 58 ठेवावं. इथे सेटबॅकची बचत मोठी असते, कारण घर दिवसचे दिवस खालच्या पातळीवर राहतं. परतायच्या दिवशी सकाळी फोनवरून आकडा वर करावा. वाटेत उशीर झाला तर बिघडत नाही, पण गार घरात झोपायला जाऊ नये.

पलंगाजवळ वेगळा छोटा विजेचा हीटर ठेवला तर?
खोली एकटीच गार असेल आणि सेन्सर नसेल तर उठल्यावर तासभर चालेल. पांघरुणापासून निदान तीन फूट लांब, थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेन्शनच्या दोरीवर नाही, आणि झोपताना बंद.

आपल्याकडच्या एसीला हे काही लागू पडतं का?
तत्त्व तेच, दिशा उलटी. आत आणि बाहेर यांतला फरक कमी ठेवला की खर्च कमी. 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडे स्टार लेबलचे खोलीचे एसी चालू केल्यावर आपोआप 24 वर यावेत असा नियम आहे. तिथून 18 वर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही, जशी 80 वर नेल्यानं त्यांची लवकर गरम होत नाही. रात्री 24 वर सुरू करून पंखा मंद ठेवावा आणि दोन तासांनी 26 किंवा 27 वर जाऊ द्यावं. बहुतेक एसींत झोपेसाठी हळूहळू आकडा वाढवणारं बटण असतंच. आपली अडचण वरच्या मजल्यांची आहे. उन्हात तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत असतो, म्हणून हवा 25 असूनही वरून झळ लागते. त्या घरात आकडा खाली आणण्यापेक्षा गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग लावून घेतला तर जास्त उपयोग होतो.

मुलगा ऐकतच नसेल तर?
थर्मामीटर पलंगाजवळ ठेवा, चार दिवस पहाटेचे आकडे कागदावर लिहा, आणि तो कागद सुनेच्या हातात द्या.